हार्डटॅकला मराठीत काय म्हणाल? (शिधा, शिदोरी, रतीब आणि कॅनिंगचा आंबा)

माळरान:
मंडळी मदत हवीये. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा (१८६१ ते ६५) एक लेख मराठीत करतोय, त्यात दर दोन परिच्छेदांनी हार्डटॅक हे सैनिकांचं खाणं येतं. मी आधी "कडक बिस्कीट" लिहिलं, पण वाचताना डोळ्यासमोर चहाबरोबरचं गोड बिस्कीट येतं आणि सगळा प्रसंगच बिघडतो. दुसरा घोळ म्हणजे रेशन. तिथे "शिधा" लिहिलं तर बायको म्हणाली शिधा म्हणजे डाळ-तांदूळ-पीठ, तो शिजवायला लागतो, आणि तुझ्या लेखात तर चूलच नाहीये. तिचं बरोबर वाटतंय. मग काय लिहू? अडलेल्या शब्दांच्या यादीत पुढे कॅनिंगही आहे.

शब्दवेडा:
सोपं आहे, "शिदोरी" लिहा. प्रवासाला बांधून नेलेलं तयार अन्न. आणि हार्डटॅक म्हणजे आपला टोस्ट हो, दोनदा भाजलेला पाव. बिस्कीट शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेलं असा आहे, लॅटिनमधून आलाय. आणि रेशनला तर आपल्याकडे जुना शब्द आहेच, रतीब. माझ्या मते रेशन आणि रतीब एकाच मुळाचे असणार, र-त आणि र-श बघा किती जवळ आहेत.

जुनी वही:
बिस्किटाची व्युत्पत्ती बरोबर, पण टोस्ट नाही चालणार. टोस्टात यीस्ट असतं, तो फुगतो, जाळीदार होतो, म्हणून दाताखाली चुरा होतो. हार्डटॅकमध्ये नुसतं पीठ आणि पाणी, फार तर मीठ. पीठ घट्ट मळायचं, साधारण अर्धा इंच जाड लाटून तीन इंचाच्या आसपास चौकोन कापायचे आणि त्यावर टोचून टोचून भोकं पाडायची. ती भोकं नक्षीसाठी नाहीत, त्यातून वाफ निघून जाते आणि पोळीसारखा फुगा येत नाही. मग पार कोरडं होईपर्यंत भाजायचं. टिकण्याचं सगळं गुपित त्या कोरडेपणात आहे, पाणीच नाही तर बुरशी वाढणार कशावर. खोकी पावसात भिजली की तेच बिस्कीट बुरसटायचं, आणि कोरडं राहिलं तरी गोदामात महिनोन्महिने पडलेल्या पिठात कीड व्हायची ती व्हायचीच.

सैनिकाला दिवसाला साधारण एक पौंड, म्हणजे नऊ-दहा चौकोन. बंदुकीच्या दस्त्याने फोडायचे नाहीतर गरम कॉफीत टाकायचे. कॉफीत टाकलं की बिस्कीट मऊ पडतं आणि आतल्या अळ्या वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या आणि प्यायचं. दुसरी पद्धत म्हणजे थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत परतायचं. सैनिक त्याला "किड्यांचे वाडे" म्हणायचे, हे मात्र लेखात जसंच्या तसं ठेवा, मराठीत छान बसतं.

आता शब्द. टॅक म्हणजे खलाशांच्या बोलीत खाणं, पाव तो मऊ टॅक आणि हे कडक टॅक. म्हणून मला "हार्डटॅक" तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य वर्णन करणं बरं वाटतं. आणि रतीब-रेशनचं नातं नाही हो. रतीब अरबीतून आला, ठरलेलं, नेमलेलं असा अर्थ, रेशन लॅटिनमधून. पण अर्थाने रतीब खरंच जवळचा आहे. आज आपण दुधाचा रतीब म्हणतो, तेव्हा रोजचं ठरलेलं माप हाच अर्थ असतो, आणि सैनिकाच्या रेशनमध्येही मुद्दा तोच, रोज माणशी इतकं, कमी नाही जास्त नाही.

देवगडची लेक:
तुमच्या यादीत कॅनिंग पण आहे ना? आमच्याकडे तर "कॅनिंगचा आंबा" म्हणतात 🙂 म्हणजे पेटीत भरता येत नाही असा डागी किंवा लहान मोठा आंबा, तो किलोच्या भावाने फॅक्टरीला जातो. मे महिन्यात बाबा रोज विचारतात कॅनिंगचा दर काय निघाला. आई घरचाच रस बाटल्यांत भरते, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवते, पुढच्या मेपर्यंत टिकतो. मला वाटलं होतं सैन्याचं मटण पण असंच उकळून भरत असतील, मग त्यात एवढं काय अवघड?

जुनी वही:
प्रश्न फार चांगला विचारलात, खरी गोष्ट तिथेच आहे. आंब्याचा रस आंबट असतो. आंबटपणा एका हद्दीपलीकडे असला, पीएच ४.६ च्या खाली, तर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू त्यात वाढत नाहीत, म्हणून उकळतं पाणी पुरतं. मटण, वाटाणे, मका यांत तो आंबटपणा नाही. त्या जंतूंचे बीजाणू शंभर अंशाला तासभर उकळूनही मरत नाहीत, त्यांना १२१ अंश लागतात आणि तेवढं तापमान दाबाखालीच मिळतं, कुकरमध्ये मिळतं तसं. आईंची पद्धत आंब्याला ठीक, तीच मटणाला लावू नका.

पण हे कळायला फार वर्षं गेली. फ्रान्समध्ये निकोला आपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवायची रीत काढली आणि १८१० मध्ये सरकारकडून त्याला बारा हजार फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि १८१३ मध्ये लंडनजवळ डॉनकिन-हॉल यांचा कारखाना सैन्याला डबे पुरवू लागला. आपेरला वाटायचं हवा बाहेर काढली म्हणून टिकतं. जंतूंचं प्रकरण पाश्चरने १८६० च्या दशकात उलगडलं, म्हणजे पन्नास वर्षं लोक कारण न कळता डबे भरत होते.

म्हणूनच १८५२ चा गोल्डनरचा प्रसंग झाला. स्टीफन गोल्डनर ब्रिटिश आरमाराला डबाबंद मांस पुरवायचा. पैसे वाचावेत म्हणून डबे मोठे झाले, नऊ-दहा पौंड मांस मावेल असे. छोट्या डब्यात उष्णता आतपर्यंत पोचते, पण मोठ्या डब्याला तेवढाच वेळ दिला तर मध्यभागी मांस कोमट राहतं आणि तिथे जंतू मजेत जगतात. त्या वर्षी गॉसपोर्टच्या आरमारी गोदामात तपासायला ३०६ डबे उघडले, त्यातले जेमतेम ४२ खाण्याजोगे निघाले.

देवगडची लेक:
बापरे. मग न उघडता कळायचं कसं?

जुनी वही:
वरचं-खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर आत वायू झालाय, फेकून द्यायचा, चव घेऊन बघायचीसुद्धा नाही. पण उलटं लागू नाही. बोटुलिझम असलेला डबा न फुगलेला, वास नसलेलाही असू शकतो. म्हणून शेवटी भरवसा तापमान आणि वेळेच्या मोजमापावरच ठेवावा लागला, १८९५ नंतर अमेरिकेत एमआयटीत प्रेस्कॉट आणि अंडरवूड यांनी डब्याच्या आत उष्णता किती वेळात पोचते हे मोजायला सुरुवात केली तेव्हापासून.

फौजी आजोबा:
नमस्कार. मी फौजेत होतो, आता निवृत्त. आम्ही शिधा म्हणत नसू. राशनच म्हणतो, ड्राय राशन, फ्रेश राशन आणि टिन राशन. उंच पोस्टवर टिन राशनच, कारण तिथे पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशालाच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, रॉकेल जाळत बसावं लागतं. शिजवलेलं अन्न डब्यातून नुसतं गरम करून खायचं. गारठ्यात दोन आठवडे तेच तेच खाल्लं की डबा बघून पोट फिरतं, तरीही खातो, कारण न खाणाऱ्याचं पाऊल दुसऱ्या दिवशी उचलत नाही. शक्करपाळ्यांची पुडी आली की सगळे खूश. माळरान, तुम्ही हार्डटॅकला "फौजी शक्करपाळं" का नाही म्हणत?

माळरान:
काका सुंदर कल्पना, पण शक्करपाळ्यात तूप-साखर आहे ना, आणि तुम्ही खूश व्हायचात. हे लोक दात तुटतील म्हणून शिव्या देत होते.

फौजी आजोबा:
हे खरं. मागे घेतो.

शब्दवेडा:
पण मग "शिदोरी" चं काय झालं? ती तयार अन्नच आहे.

जुनी वही:
शिदोरी घरातून येते, कुणीतरी आपल्यासाठी बांधलेली असते, ती दोन दिवसांत संपवायची. रेशन कुणा एकासाठी केलेलं नसतं, आणि तिथेच गडबड होते. आपल्या जवळचं उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव आणि मांस, हिंदी सैनिकांना आटा, डाळ वगैरे. आधी गोऱ्यांना बेरीबेरी झाली, पाय सुजायचे, चालता येईना, कारण पांढऱ्या मैद्यातून बेरीबेरी रोखणारा धान्याचा भागच निघून गेलेला. हिंदी सैनिक आट्यावर होते, त्यांना ती नाही झाली. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा आणि जवाचं पीठ मिसळून मिळू लागलं आणि बेरीबेरी ओसरली. उलट हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजणं, जुन्या जखमा उघडणं. ताजी भाजी नाही, आणि घोड्याचं मांस धर्मामुळे बऱ्याच जणांनी एप्रिलपर्यंत नाकारलं. एकाच वेढ्यात पोतं बदललं की रोग बदलला.

देवगडची लेक:
डाळ होती तर मोड आणून खायला काय हरकत होती? आमच्याकडे आठवड्यातून दोनदा उसळ असते.

जुनी वही:
हेच पुढे शोधलं गेलं! सालासकट अख्खं कडधान्य भिजवून मोड आणले की त्यात स्कर्व्ही रोखणारा गुण येतो, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी युद्धाच्या काळातच हे प्रयोगाने दाखवलं. सोललेल्या डाळीला मोड येत नाहीत आणि फार शिजवलं तर गुण जातो, म्हणून थोडंच शिजवायचं. कुतच्या सैनिकांपर्यंत हे वेळेत पोचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

शब्दवेडा:
हे माहीत नव्हतं. बरं रतीब-रेशन मूळ मागे घेतो, पण शिदोरी मला अजूनही चालेल असं वाटतं, निदान सैनिक एका दिवसासाठी पिशवीत घेऊन निघतो तेवढ्यापुरती.

माळरान:
तसं करतो मग. हार्डटॅक तसंच, पहिल्यांदा "पीठ-पाण्याचं, भाजून भाजून दगड केलेलं चौकोनी बिस्कीट". रोजचं माप येईल तिथे रतीब. रेशनला "शिधा" फक्त जिथे सैनिक स्वतः चूल पेटवून शिजवतात तिथे. पिशवीतल्या एका दिवसाला काय लिहायचं हे राहिलंच, मूळ लेखात तीन दिवसांचं एकदम वाटतात असं आहे आणि पोरं पहिल्याच रात्री सगळं संपवतात.

फौजी आजोबा:
मग ती शिदोरी नाही. शिदोरी कुणी एका रात्रीत संपवत नाही, आई रागावते.