मदत हवी आहे: मेसच्या नव्या नियमांचं पत्र वॉर्डनना द्यायचंय, पण 'म. 12' म्हणजे नेमकं किती वाजता?

तिसरा_मजला_बेळगाव

आमच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये मेसचे सुधारित नियम लागलेत. लॅमिनेट केलेला एकच कागद जेवणघराच्या दाराशी चिकटवलाय. वर कन्नड, खाली त्याचंच आखूड इंग्रजी. मोबाईलवर फोटो काढलेत. मजल्यावरच्या खानापूर, निपाणीकडच्या मुलींना कन्नड वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मराठीत मुद्दे काढले. तेच मुद्दे पत्रात घालून वॉर्डनना द्यायचे, म्हणजे आम्ही समजलो ते बरोबर आहे का हेही कळेल. पत्र मी मराठीत लिहिते, मैत्रीण त्याचं कन्नड करून देणार आहे.

मुद्दे असे:

1. नाश्ता स. 7.30 ते 9, रविवारी 8 ते 9.30.
2. दुपारचं जेवण 12.30 ते 2.
3. रात्रीचं जेवण 7.30 ते 9. त्यानंतर वाढणार नाहीत.
4. तीन दिवस रजा असल्यास मेस बिलात सूट. आदल्या दिवशी मध्यरात्री 12 च्या आत रजिस्टरमध्ये नोंद.
5. पाहुण्यांचं कूपन 60 रुपये.
6. ताट खोलीवर नेता येणार नाही. आजारी असल्यास वॉर्डनची चिठ्ठी.

अडलंय ते चौथ्यात. कन्नडमध्ये 'म. 12 घंटे ओळगे' असं आहे. मी मध्यरात्र धरली, शेजारची म्हणते दुपार. हे पत्रात कसं विचारायचं?

कन्नड_मीडियम

यात विचारण्यासारखं काय आहे? कन्नडमध्ये 'म.' म्हणजे 'मध्याह्न', दुपार. सकाळला 'बे.', संध्याकाळला 'सं.', रात्रीला 'रा.'. मराठीत आपण दुपारला 'दु.' लिहितो, म्हणून 'म.' दिसलं की मराठी माणसाच्या डोक्यात मध्यरात्रच येते. दुपारी 12 लिहा आणि मोकळ्या व्हा. पत्राची गरजच नाही.

निपाणीची_आई

आमच्या मुलाच्या हॉस्टेलमध्येही हाच त्रास. रात्रीचं जेवण 9 ला बंद आणि त्याचा क्लास सुटतो पावणेनऊला. बसनं येईपर्यंत भांडी धुवायला गेलेली असतात. तुम्ही पत्रात वेळ साडेनऊपर्यंत वाढवून मागा, सगळ्या मुलींच्या सह्या घ्या.

तिसरा_मजला_बेळगाव

काकू, रात्रीच्या वेळेबद्दल आमची तक्रार नाही. फक्त चौथा मुद्दा समजून घ्यायचाय. @कन्नड_मीडियम, मलाही आता दुपारच वाटायला लागलंय, पण खालच्या इंग्रजीत त्याच ओळीत '12-00 एएम' छापलंय. मग?

माजी_मेससेक्रेटरी

मग विचारायलाच हवं. वर 'म.' आणि खाली 'एएम', हे दोन्ही एकत्र बसत नाहीत. मोबाईलचं घड्याळ रात्रीच्या बाराला एएम दाखवतं, दुपारच्या बाराला पीएम. पण ऑफिसात टाईप करणारे बरेच जण 'दुपारच्या आधीची वेळ ती एएम' एवढ्याच हिशोबानं दुपारच्या बारालाही एएम लावून मोकळे होतात. शिवाय कन्नडमध्ये 'मध्यरात्रि' हा शब्दही 'म'नंच सुरू होतो. नोटिशीत 'म.' बहुतेक वेळा दुपारसाठीच असतं हे वरच्यांचं बरोबर, पण एएमची ओळ डोळ्याआड करून ठाम सांगता येणार नाही.

मेस चालवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तरी दुपारच जास्त पटते. इडलीचे तांदूळ आणि उडीद डाळ आदल्या दिवशी भिजतात, संध्याकाळी वाटतात, रात्रभर पीठ आंबतं. भाजीची ऑर्डरही दुपारीच जाते. रात्री बाराला आकडा कळून आचाऱ्याचा काय उपयोग? पीठ वाटून झालेलं असतं. म्हणून दुपारनंतरची नोंद मेसवाले धरत नाहीत. पण हा माझा तर्क झाला, नियम नव्हे.

आता तुझ्या मुद्द्यांकडे ये. चौथ्यात तू कंसात, शंका म्हणून काही न लिहिता सरळ 'मध्यरात्री' लिहून टाकलंस. वॉर्डननी घाईत पत्र वाचून खाली सही केली तर ती सही तुझ्या अंदाजावर होईल, आणि पुढे बिलाच्या वेळी मॅनेजर मूळ नोटीस दाखवेल. सारांशात शंकेची जागा जशी आहे तशीच राहू द्यायची: 'म. 12' आणि 'इंग्रजीत 12-00 एएम'. कन्नड करणाऱ्या मैत्रिणीलाही बजावून सांग, नाहीतर ती चांगल्या मनानं 'म.' फोडून 'मध्याह्न' लिहील आणि प्रश्नच गायब होईल.

दुसरं, 'तीन दिवस रजा' हे मूळ शब्दांत नीट बघ. कन्नडमध्ये आधी 'सतत' आहे का? असेल तर ते सलग तीन दिवस. मराठीत तो शब्द गाळला की महिनाभरात सुट्टे तीन दिवस असा अर्थ निघतो.

तिसरं, कूपनचा आकडा परत तपास. कन्नडमधले सहा आणि नऊ फोटोत सख्खे भाऊ दिसतात, त्यात लॅमिनेशनची चमक.

तिसरा_मजला_बेळगाव

आत्ता खाली जाऊन बघून आले. 'सतत' आहे! आणि कूपन 90 निघालं. ट्यूबलाईटची रेघ बरोबर त्या आकड्यावर आली होती. फोटो कसा काढायचा होता?

माजी_मेससेक्रेटरी

दिवसा, फ्लॅश बंद, आणि समोरून नको, थोडं बाजूला उभं राहून. चमक सरकते. आधी अख्खा कागद एका फोटोत यायला हवा: वरचा क्रमांक, तारीख, खालची सही-शिक्का. मग प्रत्येक नियमाचा जवळून एकेक. पत्राला अख्ख्या कागदाची आणि चौथ्या नियमाची अशा दोनच प्रिंट जोड. सगळ्या जोडल्यास कुणी उघडून बघत नाही.

कॅम्पवाला

मुळात पत्र मराठीतच द्या. घटनेचं कलम 350 आहे, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. कन्नड करून देण्याची सक्ती नाही.

माजी_मेससेक्रेटरी

कलम 350 आहे, पण ते केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडण्यासाठी. हॉस्टेल सरकारी आहे की ट्रस्टचं हे तिनं सांगितलेलं नाही. आणि तिला कुणी अडवलेलंही नाही, लगेच कशाला भांडायलाय? उत्तर फाईलला कन्नडमध्ये लागणार, म्हणून पत्र कन्नडमध्ये आणि मागे मराठी प्रत, एवढ्यानं काम होतं.

पत्राचा गाभा असा लिही:

> मा. वॉर्डन मॅडम,
>
> विषय: मेसच्या सुधारित नियमांतील नियम 4 च्या वेळेबाबत खुलासा मिळणेबाबत
>
> जेवणघराच्या दाराशी लावलेल्या नोटिशीचे आम्ही फोटो घेऊन खालीलप्रमाणे मुद्दे काढले आहेत. क्रमांक नोटिशीतीलच ठेवले आहेत. (मुद्दे 1 ते 6)
>
> नियम 4: सलग तीन दिवस रजा असल्यास मेस बिलात सूट मिळेल. त्यासाठी आदल्या दिवशी 'म. 12' च्या आत (इंग्रजी मजकुरात '12-00 एएम') रजिस्टरमध्ये नोंद करावी.
>
> ही वेळ कोणती, एवढाच प्रश्न आहे. उदा. विद्यार्थिनी शुक्रवार, शनिवार, रविवार रजेवर असेल, तर नोंदीची शेवटची वेळ खालीलपैकी कोणती?
> (अ) गुरुवारी दुपारी 12
> (आ) गुरुवारी रात्री 12, म्हणजे शुक्रवार सुरू होण्याआधी
> (इ) बुधवारी रात्री 12, म्हणजे गुरुवार सुरू होण्याआधी
>
> कृपया योग्य पर्यायावर खूण करून सही करावी, ही विनंती.

(इ) का, असं विचारशील. '12-00 एएम, आदला दिवस' हे शब्दशः घेतलं तर गुरुवारची पहिली घटका होते, म्हणजे बुधवारची रात्र. ऑफिसात कुणी तसं धरेल असं वाटत नाही, पण तीन पर्याय समोर ठेवले की उत्तर 'हो, आदल्या दिवशी बारा' असं परत संदिग्ध येत नाही. खूण करायला दहा सेकंद लागतात, म्हणून उत्तर मिळतंही लवकर.

पत्रात दुसरं काही मागू नकोस. साडेनऊची मागणी यात घातली की पत्र 'मागण्यांचं' होतं आणि खुलासा मागे पडतो. दोन प्रती ने, एकीवर पोच म्हणून तारीख आणि शिक्का घे.

कन्नड_मीडियम

एएमची ओळ मी बघितलीच नव्हती, मान्य. पण दुपारी 12 निघालं तर अडचण वेगळीच आहे. मुली त्या वेळी कॉलेजात असणार आणि मेस उघडणार 12.30 ला. रजिस्टर असतं कुठं?

तिसरा_मजला_बेळगाव

काउंटरवर, मॅनेजरकडे. जेवणाच्या वेळेतच बाहेर असतं.

माजी_मेससेक्रेटरी

म्हणजे दुपारचं धरलं तर खरी शेवटची संधी गुरुवारच्या नाश्त्याला, 9 च्या आधी. ते गेलं की दुपारी 12.30 ला रजिस्टर समोर येतं आणि वेळ अर्ध्या तासानं टळलेली असते. सगळ्यांचा घोळ इथंच होणार. उत्तर येईपर्यंत घरी जाणाऱ्या मुलींना सांग, बुधवारच्या रात्रीच्या जेवणालाच नोंद करा. ती तिन्ही अर्थांत चालते. नोंदीशेजारी वेळ घाला आणि पानाचा फोटो ठेवा.

निपाणीची_आई

शुक्रवारी नाश्ता करून निघाली तर शुक्रवार धरतात का रजेत? आमच्याकडे नाही धरत.

माजी_मेससेक्रेटरी

नोटिशीत काहीच नाही त्याबद्दल. हॉस्टेलगणिक वेगळं असतं. पण ते दुसरं पत्र, यात नको.

तिसरा_मजला_बेळगाव

पत्र दिलं. पोच मिळाली, तारखेसह शिक्का मारून. मॅनेजर तोंडी म्हणाले "दुपारीच, त्यात काय", पण वॉर्डन मॅडमची खूण अजून आलेली नाही. कूपनच्या 90 चं कळल्यावर खोल्याखोल्यांतून वेगळीच ओरड सुरू झालीय. बुधवारचं मजल्याच्या ग्रुपवर टाकलंय. शुक्रवारच्या नाश्त्याचं मात्र मलाही माहीत नाही, कुणाच्या हॉस्टेलमध्ये लेखी आहे का?