ध्रुपद आणि तुटलेल्या ओळी

‘टाइप केलेल्या अभंगाच्या ओळी मध्येच तुटल्यात आणि ध्रुपद दुसऱ्या कडव्यावर आलंय. कसं दुरुस्त करू?’

ध्रुपद आधी तसंच राहू द्या. तुकोबांच्या गाथेत ‘सुंदर ते ध्यान’च्या पहिल्या कडव्यावर ॥१॥, ‘तुळसीहार गळा’वर ॥ध्रु.॥ आणि ‘मकरकुंडले’वर ॥२॥ आहे. म्हणजे ध्रुपद आकड्यांत धरलेलं नाही. टाइप करणारा तिथे ‘सुधारून’ २ घालतो, मग पुढचे सगळे आकडे सरकतात आणि गाणाऱ्याला कुठे परतायचं ते कळत नाही.

तुटलेली ओळ अक्षरं मोजून जोडा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. जोडाक्षर एकच धरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, म्हणून दंड, म्हणजे ओळीतली उभी रेघ, ‘विटेवरी’नंतरच पडतो, ‘कटावरी’नंतर पडला तर ओळ फुटलीय. मात्र ‘तळपती श्रवणी’ सात भरतं, तिथे अक्षर कापू नका. गाताना ते सामावतं.

मोजणीत न सापडणारी चूक मला जास्त छळते: ‘श्रवणी’चं ‘श्रावणी’. अक्षरं तेवढीच, शब्दही खरा, पण कुंडलं कानात तळपतात, श्रावणात नव्हे. अशा जागी दुसऱ्याकडून मूळ प्रत मोठ्यानं वाचून घ्या आणि तुमची नजर प्रुफावर ठेवा.