लेकीचं प्रोफाइल ‘चुकीची माहिती’ म्हणून बंद, दुसरं अपील कसं लिहू?

सुनीता, एडिसन
शनिवार, १६ मार्च २०२४

नमस्कार मंडळी,

गेल्या मंगळवारी रात्री आमच्या लेकीचं मॅट्रिमोनी साइटवरचं प्रोफाइल बंद झालं. लॉगिन केलं की एवढंच दिसतं: ‘चुकीच्या माहितीबद्दल आलेल्या तक्रारीमुळे हे खाते थांबवण्यात आले आहे.’ कुठली माहिती आणि तक्रार कोणाची, याचा पत्ता नाही. दोन घरांशी बोलणी चालू होती, त्यांचे निरोपही त्याच खात्यात अडकलेत.

घोळ कुठे झाला ते मला साधारण कळलंय. एका घराला मी व्हॉट्सॲपवर बायोडेटा आणि पत्रिका पाठवली होती. बायोडेटा मीच टाइप केला आणि जन्मतारीख लिहिली 04/07/1993. इथे महिना आधी लिहायची सवय हाताला लागली आहे. लेकीचा जन्म ७ एप्रिलचा, पुण्याचा. पत्रिकेत तेच आहे, प्रोफाइलवरही तेच. पण त्या घरच्यांनी बायोडेटातली तारीख ४ जुलै वाचली, संगणकावर पत्रिका काढून पाहिली आणि ती आमच्या पत्रिकेशी जुळेना. “तुम्ही दोन पत्रिका बाळगता का?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी खातं बंद.

त्याच रात्री मी रागाच्या भरात दोन पानी अपील पाठवलं आणि सोबत लेकीचं ड्रायव्हिंग लायसन्स जोडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘ओळखपत्रावरील जन्मतारीख प्रोफाइलशी जुळत नाही.’ लायसन्स न्यू जर्सीचं, त्यावर तारीख महिना आधी! आता दुसरं अपील लिहायचंय आणि यावेळी चूक व्हायला नको. इतकी वर्षं आम्ही कोणाशी खोटं बोललो नाही. ‘खोटी माहिती’ हे शब्द लेकीच्या नावापुढे बघवत नाहीत.

सुनीता

—

मिलिंद, पिस्कॅटवे

सुनीताताई, फार त्रास करून घेऊ नका. दुसऱ्या ईमेलवरून नवीन प्रोफाइल उघडा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि तक्रार करायचीच तर साइटच्या मागे न लागता थेट भारत सरकारच्या gac.gov.in वर करा. अशा कंपन्यांच्या विरोधात दाद मागायला तिथे समिती आहे.

—

उषा, जर्सी सिटी

सुनीता, अगदी हेच आमच्या मोठ्याच्या बाबतीत झालं. प्रोफाइलवर नोकरी लिहिलेली, मध्येच त्याची ती नोकरी गेली आणि मुलीकडच्या कोणीतरी लिंक्डइनवर बघून तक्रार केली. आम्ही अपीलात लिहिलं की सगळ्यांच्याच नोकऱ्या जातायत. काही उपयोग झाला नाही. शेवटी नवीन नोकरीचं पत्र दिल्यावर खातं सुरू झालं. तू पण लेकीच्या कंपनीचं पत्र जोड, वजन पडतं.

—

देशपांडेकाका, प्रिन्स्टन

सौ. सुनीता यांस, पत्रिका खरी की खोटी हा वाद असेल तर तो पंचांगाने मिनिटभरात मिटतो. गुरुजींच्या पत्रिकेत नक्षत्र कोणतं आहे ते कळवावे. १९९३ साली चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला होती, म्हणजे ७ तारखेचा जन्म हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास चंद्र चित्रेजवळ असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलं. तेव्हा चित्रा नक्षत्र असेल तर पत्रिका एप्रिलची. ४ जुलै हा गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे आषाढातला. त्या तारखेला पूर्वाषाढा येईल, रास धनू. समोरच्यांनी तीच काढली असणार.

—

सुनीता

काका, पत्रिकेत चित्राच आहे, रास कन्या. आणि त्या बाई फोनवर “आम्हाला तर धनू रास येते” असंच म्हणत होत्या! तेव्हा मला काही उलगडलं नव्हतं.

—

वैशाली, एडिसन

सुनीताताई, मी बरीच वर्षं एका कंपनीत याच कामात होते, वापरणाऱ्यांच्या तक्रारी तपासायच्या. ती साइट वेगळी, पण कामाची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मिलिंद, नवीन प्रोफाइल मुळीच नको. तोच फोटो, तोच फोन, तीच तारीख, म्हणजे साइटला ते लगेच सापडतं. मग बंद खातं असताना दुसरं उघडलं हा नियमभंग खराच ठरतो आणि पहिल्या खात्याचं अपीलही त्यात बुडतं. समितीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ती पुढची पायरी आहे. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं. त्याचं नाव आणि पत्ता साइटवर द्यावाच लागतो, बहुतेक पानाच्या अगदी तळाशी असतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि नियमाने ठरलेल्या मुदतीत निकाल. तो निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत समितीकडे जाता येतं. ताई, तुम्हाला आलेलं उत्तर मदत कक्षाचं आहे, तक्रार अधिकाऱ्याचं नव्हे. म्हणजे ती पायरी अजून शिल्लक आहे.

आता मुख्य गोष्ट. तपासणाऱ्यापुढे दिवसभरात अशा शेकडो तक्रारी येतात आणि एकेकीला त्याच्याकडे एखाद-दोन मिनिटं असतात. तो लेक चांगली आहे का हे पाहत नाही, कागद आणि प्रोफाइल जुळतंय का एवढंच पाहतो. भारतात बसलेल्या माणसाने तुमचं लायसन्स उघडलं, 04-07 दिसलं, त्याने ४ जुलै वाचलं. त्याच्या दृष्टीने तक्रार सिद्ध झाली. म्हणून दुसऱ्या अपीलाला असा कागद हवा ज्यावर तारीख दोन प्रकारे वाचताच येणार नाही.

असे दोन कागद तुमच्या घरात असतील. एक, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही असते. दुसरा, पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर तारीख दिवस आधी, 07/04/1993 अशी छापतात. पण नुसत्या तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर लायसन्स आणि पासपोर्ट समोरासमोर ठेवून कोणी “हे बघा, दोन तारखा” म्हणेल. फोटोच्या पानावर खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. खालच्या ओळीत पासपोर्ट नंबरनंतर असं दिसेल:

```
IND9304077F
```

IND म्हणजे देश. पुढचे सहा अंक म्हणजे जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ९३, ०४, ०७. त्यापुढचा ७ हा पडताळणीचा अंक आणि F म्हणजे स्त्री. हा क्रम जगभर सारखाच असतो, अमेरिकेच्या पासपोर्टवरही. तुमचा अख्खा घोळ इथे सुटतो.

उषाताई, तुमच्याकडे तक्रार नोकरीची होती म्हणून नोकरीचं पत्र चाललं. इथे ते जोडलं तर तपासणारा वेगळाच कागद वाचत बसेल. जेवढी तक्रार तेवढाच पुरावा.

पासपोर्ट नंबर झाकायचा असेल तर दोन्हीकडे झाका, वरचा छापील आणि खालच्या ओळीतले पहिले नऊ खण. लोक वरचा झाकतात आणि खालचा तसाच राहतो.

—

सुनीता

वैशाली, तुझे किती आभार मानू! दाखला सापडला, प्लास्टिकच्या फायलीत, कडेला जरा फाटलेला, पण ‘सात एप्रिल एकोणीसशे त्र्याण्णव’ स्वच्छ वाचता येतंय. साइट महाराष्ट्रातलीच आहे, म्हणून मराठीतच लिहिलंय. बघशील?

‘मा. तक्रार अधिकारी यांस,
माझ्या मुलीचे प्रोफाइल १२ मार्च रोजी चुकीच्या माहितीच्या तक्रारीवरून बंद झाले. अमुक कुटुंबाने आमच्यावर विनाकारण आरोप केला आहे. आम्ही प्रतिष्ठित घरातले असून अठरा वर्षे अमेरिकेत आहोत. मुलीची जन्मतारीख ७ एप्रिल हीच आहे. लायसन्स अमेरिकेचे असल्याने गोंधळ झाला. कृपया प्रोफाइल त्वरित सुरू करावे.’

—

वैशाली

ताई, सूर छान आहे, पण त्या कुटुंबाचं नाव आणि आरोपाचं वाक्य काढा. तक्रार त्यांनीच केली हा आपला अंदाज आहे. साइट ते कधी सांगत नाही आणि नाव घेतलं की उलटी तक्रार तुमच्यावर येते. प्रतिष्ठित घर हेही नको, ते तपासता येत नाही. शिवाय बायोडेटात तारीख तुम्हीच त्या पद्धतीने लिहिली हे स्वतःहून सांगा. तपासणाऱ्याकडे तो बायोडेटा बहुतेक आहेच, आणि ते तुमच्याकडून आलं की कोडं सुटतं. मी असं लिहिलं असतं:

‘मा. तक्रार अधिकारी यांस,
प्रोफाइल क्रमांक (इथे लिहा) १२ मार्च २०२४ रोजी बंद झाले. माझ्या पहिल्या अपीलावर ‘ओळखपत्रावरील जन्मतारीख जुळत नाही’ असे उत्तर आले.
प्रोफाइलवरील जन्मतारीख ७ एप्रिल १९९३ ही बरोबर आहे. मी जोडलेले लायसन्स अमेरिकेतील आहे. तेथे आधी महिना व नंतर दिवस लिहितात, त्यामुळे त्यावरील 04-07-1993 म्हणजे ७ एप्रिल. मी पाठवलेल्या बायोडेटातही तारीख याच पद्धतीने लिहिली गेली होती, ती मी आता अक्षरी केली आहे.
सोबत: १) शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख अक्षरी. २) पासपोर्टचे फोटोचे पान. तळाच्या ओळीत IND नंतर 930407, म्हणजे वर्ष, महिना, दिवस.
याव्यतिरिक्त कोणत्या माहितीबद्दल तक्रार असल्यास कृपया कळवावे. नसल्यास प्रोफाइल पूर्ववत करावे.’

शेवटून दुसरं वाक्य राहू द्या. दुसरी काही तक्रार असलीच तर ती आत्ताच बाहेर येऊ दे. आणि दाखल्याचा फोटो दिवसाउजेडी, सपाट टेबलावर काढा. अक्षरी तारखेवर फ्लॅशची चकाकी आली की कागद ‘अवाच्य’ म्हणून परत येतो.

—

मिलिंद

वैशाली, पायरीचं आता लक्षात आलं. पण साइट नंबर झाकलेला पासपोर्ट घेते का? माझ्या भावाचा एका ठिकाणी परत पाठवला होता.

—

वैशाली

प्रत्येकीचं वेगळं असतं, मिलिंद. मी म्हणेन आधी झाकलेला पाठवावा. परत आला तर ‘फक्त पडताळणीसाठी’ आणि तारीख असं फोटोवर आडवं लिहून उघडा पाठवावा.

—

सुनीता
गुरुवार, २८ मार्च २०२४

मंडळी, मागच्या बुधवारी तुझा मसुदा जसाच्या तसा पाठवला, वैशाली. दुसऱ्या दिवशी पोच आली आणि काल रात्री प्रोफाइल सुरू झालं. झाकलेला पासपोर्ट चालला. उत्तरात एकच ओळ आहे, ‘पडताळणी पूर्ण झाली’. माफी नाही. पैसे भरलेल्या मुदतीत बंद असलेले दिवस वाढवून मिळतील का विचारलंय, त्याचं उत्तर अजून नाही.

जुने निरोप परत दिसतायत. एका घराने वाट पाहिली होती. दुसऱ्या घराने मधल्या काळात नकार कळवलाय, कारण लिहिलेलं नाही.

पत्रिकावाल्या घराला मी काकांचं चित्रा आणि पूर्वाषाढाचं सगळं साध्या भाषेत लिहून पाठवलं, सोबत दाखल्याचा फोटो. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. बायोडेटात आता ‘७ एप्रिल १९९३, बुधवार, सकाळी ७.४०, पुणे’ असं लिहिलंय.

—

देशपांडेकाका

वार लिहिलात हे उत्तम केलंत. ४ जुलै रविवार होता.