मदत हवी आहे: मुलाखतीआधी बाहेर बसल्यावर बोलायचं किती?

गेल्या सोमवारी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी गेलो होतो. वेळ दहाची, मी साडेनऊलाच पोचलो. गेटवर नाव लिहून बाहेरच्या खोलीत बसलो. शेजारी साध्या शर्टातले एक गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कुठनं आला? पावसात अडकला नाही ना?" मी "नाही" म्हणालो आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. मनात कास्टिंगच्या दोषांची उजळणी चालली होती हो, माज नव्हता!

समोरचा कागलचा पोरगा मात्र उठून नमस्कार करून बोलला, "राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय म्हणे, साहेब. तुमच्याकडं कामगार वेळेवर पोचतात का?" दोघं पाच मिनिटं बोलत बसले.

आत गेलो तर तेच गृहस्थ टेबलामागं, प्लांट हेड! ब्लो होल आणि श्रिंकेजमधला फरक मी नीट सांगितला, तरी पुढचा प्रश्न आला, "लाइनवरच्या लोकांशी बोलायला जमेल का तुम्हाला?" हा प्रश्न त्या एका "नाही"तनंच आला, असं मला वाटतंय.

तोच पोरगा नंतर रिसेप्शनवरच्या ताईंसमोर जुन्या कंपनीचा थकलेला ओव्हरटाइम सांगत बसला. तेही आत पोचलं असणार.

गुरुवारी दुसरी फेरी आहे. भर्तीचं काम करणाऱ्यांनी सांगा: सोमवारचा विषय मी स्वतः काढू, की नुसतं नीट बोलून सावरू? आणि अनोळखी माणसाला तिथं काका म्हणायचं की साहेब?