मदत हवी आहे: फोनला रेंज फुल, नेट मात्र शून्य (वेळणेश्वर)

ओसरीवरची
चार दिवस झाले, वैताग आलाय. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण नेट अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं घड्याळ. काल गुहागरच्या बाजारात नारळवाल्यासमोर फोन हातात घेऊन उभी राहिले, पैसे जाईनात, शेवटी त्यानेच "राहू दे काकू, नंतर द्या" म्हटलं. एअरप्लेन मोड करून झाला, रिस्टार्ट दहा वेळा झाला. रिचार्ज आहे. शनिवारी पाहुणे येणार आहेत, त्यांना लोकेशन पाठवायचंय. लवकर सांगा काय करू.

काजू_बी
कुठला फोन, कुठलं सिम, एक सिम की दोन? एवढं तरी लिहायचं ना ताई.

पावशेर_डेटा
रोजचा डेटा संपत असेल. दीड जीबीवाल्या प्लॅनमध्ये सकाळीच मुलं रील्स बघून तो संपवतात. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. काड्या फुलच दिसतात आणि आपल्याला वाटतं नेट गेलं. रात्री बारानंतर बघा, चालू होईल.

ओसरीवरची
आयफोन ११ आहे. एकच सिम. डेटा संपलेला नाही, सकाळी सहाला उठून पाहिलं तरी तेच. हळू चालतं असंही नाही, काहीच चालत नाही.

बंदरकर_मालवण
माका पण असाच झाला होता. रिस्टार्ट मारलंय, सुरू झाला. तुमी उगाच खोलात जातास.

काजू_बी
त्यांनी दहा वेळा रिस्टार्ट केलंय दादा, पहिला परिच्छेद वाचा.

सिमबदलू
सिम खराब झालंय. खारी हवा, पितळी टोकांवर गंज चढतो. गॅलरीत जा, नवीन सिम घ्या, विषय संपला. माझ्या तीन फोनांचं असंच झालं होतं.

उतरलेला_टॉवरवाला
थांबा, सिम बदलायला धावू नका. आधी तीन गोष्टी सांगा. एक, फोन लागतो का, म्हणजे कॉल येतात-जातात का? दोन, काड्यांच्या शेजारी 4G ही अक्षरं दिसतात की नुसत्या काड्या? तीन, घरात त्याच कंपनीचं दुसरं सिम असेल तर त्यावर आत्ता नेट आहे का?

आणि एअरप्लेन मोड किती वेळ ठेवला होता? बरेच जण चालू केला की लगेच बंद करतात. निदान अर्धा मिनिट ठेवा. फोनने टॉवरचा हात पूर्ण सोडायला हवा, मग परत जोडताना तो नेटची जोडणी नव्याने मागतो.

ओसरीवरची
कॉल छान चालतात. अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या काड्या. यांचं सिम त्याच कंपनीचं आहे, त्यावर नेट आहे, हे आत्ता ओसरीवर बसून बातम्या बघतायत. एअरप्लेन आता एक मिनिट ठेवला, घड्याळ लावून. काही फरक नाही.

दाभोळ_धोपावे
एअरप्लेनने माझं रोज काम होतं. फेरीतून उतरलो की फोन खाडीपलीकडचाच टॉवर धरून बसतो, काड्या बऱ्या दिसतात, नेट रडतं. एअरप्लेन मारला की जवळचा टॉवर धरतो.

उतरलेला_टॉवरवाला
तुमचं बरोबर आहे, पण ती वेगळी गोष्ट. ताईंच्या घरात त्याच टॉवरवर दुसरा फोन चालतोय. म्हणजे टॉवर ठीक, दोष सिममध्ये किंवा फोनमध्ये. ताई, तुमचं सिम काढून यांच्या फोनमध्ये घाला. त्यात नेट आलं तर सिम आणि रिचार्ज दोन्ही एका फटक्यात सुटले.

सिमबदलू
कॉल लागतात आणि नेट नाही म्हणजे अर्धं सिम गेलंय. मी म्हणतोय ते करा.

उतरलेला_टॉवरवाला
सिम अर्धं जात नाही हो. गंज चढतो हे मान्य, पण मग फोन 'नो सिम' दाखवतो नाहीतर रेंजच जाते. कॉल आणि नेट या 4G मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. कॉलची वाट फोन स्वतः उघडतो. नेटच्या वाटेला फोनमध्ये एक नाव लिहिलेलं असतं, त्याला एपीएन म्हणतात. ते नाव चुकीचं असेल तर टॉवर कॉल देतो, नेट देत नाही. मला इथे तोच वास येतोय.

ओसरीवरची
सिम यांच्या फोनमध्ये घातलं, नेट लगेच आलं!! म्हणजे माझा फोनच गेला का? नवीनच आहे हो.

काजू_बी
नवीन म्हणजे? कधी घेतला?

ओसरीवरची
चार दिवसांपूर्वी. जुना विहिरीवर पाणी काढताना पडला. हा माझ्या दिराच्या मुलाचा, तो बोटीवर असतो, सुट्टीवर आला तेव्हा देऊन गेला.

काजू_बी
🙄 हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता.

पावशेर_डेटा
मग सोपं आहे. Reset Network Settings करून टाका.

ओसरीवरची
ते परवाच केलं, भाच्याने सांगितलं होतं. नेट आलं नाहीच, वर घरच्या वायफायचा पासवर्डही गेला. आता राउटरच्या मागचं स्टिकर कोण वाचणार, तो माळ्यावर ठेवलाय.

काजू_बी
म्हणूनच मी कोणाला तो रिसेट आधी करायला सांगत नाही. सगळ्या वायफायची आठवण पुसून जाते. पाहुण्यांच्या घरात तर तापच.

पावशेर_डेटा
पासवर्ड परत टाकता येतात, त्यात काय एवढं. मी नेहमी हेच करतो.

फिरस्ता_पुणे
नमस्कार, वेळणेश्वरला दिवाळीत दोन खोल्या मिळतील का? समुद्राकडच्या असतील तर उत्तम. एसी हवाच असं नाही.

उतरलेला_टॉवरवाला
रिसेटने गेलं नाही हीच खूण आहे. तो रिसेट फोनने स्वतः धरलेली नेटवर्कची सेटिंग्ज पुसतो. पण बाहेरून प्रोफाइल म्हणून बसवलेली सेटिंग्ज तो तशीच ठेवतो. पुतण्या बोटीवर म्हणता ना? परदेशी बंदरात स्वस्त सिम घेतलं की काही सिमवाले एक फाइल बसवायला सांगतात, त्यात त्यांच्या एपीएनचं नाव असतं. ती एकदा बसली की सिम बदललं तरी फोन तेच नाव पुढे करतो.

आता असं करा. यांच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून तुमचा आयफोन त्याला जोडा. मग Settings > General > About उघडा आणि मिनिटभर तसंच राहू द्या. Carrier Settings Update असा निरोप आला तर हो म्हणा.

ओसरीवरची
ते पण केलं होतं, काही निरोप आला नाही.

उतरलेला_टॉवरवाला
तेव्हा वायफायवर होता का? अपडेट नेटवरूनच उतरतं. नेट नाही, वायफाय नाही, मग निरोप येणार कुठून.

ओसरीवरची
नव्हते. आता हॉटस्पॉट जोडला. अय्या, आला निरोप! Update केलं. About मध्ये कंपनीच्या नावापुढचा आकडा बदललाय. पण हॉटस्पॉट बंद केला की परत तेच, नुसत्या काड्या.

सिमबदलू
बघा, मी काय म्हणत होतो.

उतरलेला_टॉवरवाला
बरं. अपडेट म्हणजे कंपनीची स्वतःची सेटिंग्ज ताजी होतात, पण प्रोफाइल त्यांच्यावर बसलेलं असतं, ते हलत नाही. आता Settings > General > VPN & Device Management. तिथे काही दिसतंय का?

ओसरीवरची
एक नाव दिसतंय, इंग्रजी, आपल्या कंपनीचं नाही. खाली APN असं लिहिलंय. काढू का? पुतण्याचं काही महत्त्वाचं नसेल ना?

उतरलेला_टॉवरवाला
त्याला आधी विचारा. ऑफिसने बसवलेलं असेल तर काढू नये, त्यासोबत ऑफिसचा मेल वगैरे जातो. ऑफिसचं नाही असं तो म्हणाला तर त्या नावावर टिचकी मारून Remove Profile करा, फोन लॉकचा आकडा मागेल. मग फोन बंद करून चालू करा. हा रिस्टार्ट मात्र उपयोगाचा आहे, कारण फोन उठताना नेटची वाट नव्याने मागेल.

ओसरीवरची
विचारलं. म्हणाला सिंगापूरला सिम घेतलं होतं, त्याचं असेल, टाक काढून. काढलं. बंद-चालू केलं. काड्यांशेजारी 4G आलं!! नारळवाल्याचे पैसे आधी पाठवले, मग इथे लिहायला आले.

दाभोळ_धोपावे
वा. माझ्या मेव्हण्याचा फोनही असाच आहे, तोही बोटीवर असतो. पण तो अँड्रॉइड. त्यात हे कुठे असतं?

काजू_बी
अँड्रॉइडमध्ये मोबाइल नेटवर्कमध्ये Access Point Names असतं. तिथे हाताने टाकलेलं जुनं नाव निवडलेलं राहतं. वरच्या तीन टिंबांमध्ये Reset to default करा. प्रत्येक कंपनीच्या फोनात ते थोडं इकडेतिकडे असतं, शोधावं लागेल.

ओसरीवरची
अजून एक विचारते. काल संध्याकाळी लाइट गेली तेव्हा सातच्या सुमारास यांचा फोनही तसाच झाला. काड्या फुल, नेट नाही. अर्ध्या तासाने आलं. ते पण एपीएनच का?

उतरलेला_टॉवरवाला
नाही. दोन्ही फोन एकदम बसले तर फोनमध्ये काही शोधू नका. काड्या फक्त तुमचा फोन आणि टॉवर यांच्यामधलं दाखवतात. टॉवरच्या मागे नेट कुठून येतं ते काड्यांना कळत नाही. आपल्याकडे डोंगरांमुळे बरेच टॉवर तारेने जोडलेले नसतात, एका टेकडीवरच्या डिशमधून दुसऱ्या टेकडीवरच्या डिशकडे नेट जातं. लाइट गेली, मधल्या टॉवरची बॅटरी बसली, की आपला टॉवर उभा असतो, काड्या देतो, आणि मागून काही येत नाही. पाटाचं तोंड उघडं आहे पण विहिरीवरचा पंप बंद, तसं. तेव्हा एअरप्लेन करून फायदा नाही.

बंदरकर_मालवण
तुमी सांगतास ता बॅटरीचा खरा नाय. आमच्याकडे लाइट असताना पण संध्याकाळी सात ते नऊ असाच होता.

उतरलेला_टॉवरवाला
मग तुमच्याकडे गर्दी असेल, सगळे एकाच वेळी फोन घेऊन बसतात. पण तेव्हा नेट रांगतं, पूर्ण बंद होत नाही. तुमच्याकडे रांगतं की बंद?

बंदरकर_मालवण
ता आज बघून सांगतंय.

फिरस्ता_पुणे
खोल्यांचं काय?

ओसरीवरची
आहेत. पण आंघोळीचं गरम पाणी बंबाचं आहे आणि लाइटचं वर वाचलंत ना. व्यनि करा.