मदत हवी आहे: बँकेच्या पत्रासोबतच्या कागदावर आजीनं अंगठा द्यावा का?

वावरातली_पोर (यवतमाळ जिल्हा)
आजीला वाचता येत नाही. बँकेचं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग थोडक्यात सांगितलं: पीक कर्जाचं मुद्दल 60,000, व्याज 41,300, तडजोडीसाठी लोकअदालतीत या. तिनं 'अदालत' तेवढंच धरलं. "वावर जप्त करतीन का वं बाई?" म्हणते, जेवली नाही. सोबतच्या कागदावर अंगठा मागितला आहे. उद्या बँकेचा माणूस येतो. लवकर सांगा.

कास्तकार_दारव्हा
अंगठा देऊन मोकळे व्हा. नाहीतर 60 दिवसांची नोटीस देऊन बँक वावर विकते.

निवृत्त_शाखाधिकारी
भाऊ, त्या 60 दिवसांच्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बेटा, कर्ज कोणाच्या नावावर? शेवटचा भरणा कधी? आणि अंगठ्याच्या कागदावरचा मजकूर जसाच्या तसा टाक, सारांश नको.

श्रावणबाळ_अमरावती
आमच्या आईचं अनुदानही केवायसीमुळे अडकलं. आधार घेऊन जा, होते.

वावरातली_पोर
केवायसीचं नाही हो. कर्ज आबांचं, 2016 चं. 2017 नंतर भरणा नाही, आबा 2021 मध्ये वारले. कागदावर आहे: "वरील रक्कम येणे असल्याचे मला मान्य असून ती मी भरून देईन."

निवृत्त_शाखाधिकारी
हेच शेवटचं वाक्य आजीला वाचून दाखव. साध्या कर्जात दाव्याची मुदत 3 वर्षं. मुदतीत लेखी कबुली दिली की ती नव्यानं मोजतात. संपल्यावर नुसत्या कबुलीनं काही होत नाही, पण "भरून देईन" असं लिहून दिलं तर त्यावर नवा दावा उभा राहतो. शिवाय कर्ज आबांचं. वारस म्हणून आजीची जबाबदारी आबांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच, आणि इथं ती स्वतः वचन देते आहे. उद्या अंगठा देऊ नका, कागदाची प्रत ठेवून घ्या.

कास्तकार_दारव्हा
म्हणजे कर्ज बुडवायला शिकवता का? अदालतीत गेले नाही तर वारंट निघते.

निवृत्त_शाखाधिकारी
दावा दाखल व्हायच्या आधीची लोकअदालत असेल तर न गेल्यानं वारंट निघत नाही. जा, व्याजात सूट मागा. पण तिथं तडजोडीवर अंगठा दिला की तो कोर्टाचा हुकूमनामा, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा आणि हप्ते आजीला आधी ऐकवायचे. बेटा, सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे का? जमीन गहाण असेल तर मुदत 12 वर्षं, मग माझा हिशोब बदलतो.

कास्तकार_दारव्हा
आमच्याकडं तर यंदा कापसालाच भाव नाही, सूट घेऊनही भरायचं कुठून?

वावरातली_पोर
आजीला ते वाक्य वाचून दाखवलं. "मी कायले लिहून देऊ? कर्ज त्यायचं होतं," म्हणे, अन् भाकर खाल्ली. सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचं नाव आहे, रक्कम 60,000. काका, बोजा म्हणजे हेच का? की गहाणखत वेगळं असते?