हनुवटीच्या केसांसाठी लेझर करावं का? मदत हवी आहे

तायांनो, मी परभणीची, रंग सावळा, पीसीओडी आहे, हनुवटीवर जाड काळे केस येतात अन् आता त्यात चार-पाच पांढरे पण दिसायलेत. थ्रेडिंगनं लई वैताग आलाय. संभाजीनगरला स्किनवाल्या मॅडमला दाखवलं तर त्या म्हणे लेझर केसातला काळा रंग पकडतं, त्याच्याच उष्णतेनं मूळ जळतं, म्हणून पांढरे केस तसेच राहणार, त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतल्या करंटनं एकेक मूळ जाळणं. गालावरची बारीक लव तर करूच नको म्हणे, तिथं कधी कधी उलट केस वाढतात.

सावळ्या कातडीतला रंग पण लेझर ओढून घेतो, चटका बसून काळे डाग पडू शकतात, म्हणून एनडी याग मशीन बरं म्हणल्या. सहा ते आठ सिटिंग, चार ते सहा आठवड्यांनी एक, म्हणजे पाच ते दहा महिने धरा, तेवढ्यात थ्रेडिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर पकडणार काय? फक्त रेझर चालतो (सासूबाईंसमोर दाढी करायची म्हणजे अवघडच आहे). पीसीओडीमुळं नंतर पण अधूनमधून टचअप लागणारच.

इथलं पार्लर मात्र सहा सिटिंगमध्ये कायमचे जातील म्हणतंय, अन् मशीन कोणतं विचारलं की गप्प!

माझ्यासारख्या रंगाच्या कुणी हनुवटीचं केलंय का? केस खरंच किती कमी झाले, डाग पडले का, अन् आपल्याकडच्या उन्हात सिटिंग घ्यावं की पावसाळ्यात सुरू करावं?